चाकण-भोसरीत 2019 साली गेलेली कामं: घर्षणजन्य, संरचनात्मक की चक्रीय?

फळा_आणि_खडू

बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. बेरोजगारीचे प्रकार मुलं घडाघडा पाठ म्हणतात, पण समोर खरा माणूस ठेवला की गडबडतात. म्हणून मी वर्गात एक उदाहरण दिलं. भोसरीतल्या एका मशिन शॉपमध्ये वाहनांचे सुटे भाग बनतात. तिथल्या कंत्राटी ऑपरेटरला ऑगस्ट 2019 मध्ये सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्याची बेरोजगारी कोणती?

वर्गात तिन्ही उत्तरं आली, आणि प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही कारणही होतं. "दुसरीकडे मिळेलच की," म्हणून घर्षणजन्य. "मंदी होती," म्हणून चक्रीय. "आता इलेक्ट्रिक गाड्या येणार," म्हणून संरचनात्मक. मला पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या नकोत, त्या आहेतच. नेमकं काय पाहिलं की प्रकार ओळखता येतो, हे या क्षेत्रातल्या लोकांकडून हवं आहे.

साधासोपा

मुलांना सोपा नियम द्या. स्वतःहून नोकरी सोडली तर घर्षणजन्य. मालकाने काढलं तर चक्रीय. शिक्षण कामाशी जुळत नाही तर संरचनात्मक. तुमच्या ऑपरेटरला काढलंय, म्हणजे चक्रीय. परीक्षेत एवढं पुरतं.

मागणीपुरवठा

साधासोपा, तुमचं उत्तर बरोबर आलंय, पण नियम चुकीचा आहे, आणि पुढच्याच उदाहरणात तो फसेल. एखादा कारखाना मालकांच्या भांडणामुळे बंद पडला, पण शेजारच्या चार कारखान्यांत त्याच कामाला माणसं हवी आहेत, अशी स्थिती घ्या. कामगारांना काढलंच आहे, तरी त्यांची बेरोजगारी घर्षणजन्य. महिन्या-दीड महिन्यात ते कुठेतरी लागतील. उलट, मंदी येतेय असं दिसल्यावर आपण होऊन राजीनामा देणाराही असतो. पुढे त्याला वर्षभर काम मिळालं नाही, तर ते घर्षण म्हणता येणार नाही.

नोकरी कशी गेली हे पाहू नका. पुढची नोकरी का मिळत नाहीये, ते पाहा. त्याला जमेल असं काम त्याच्या आवाक्यातल्या अंतरावर आज रिकामं आहे का? असेल आणि फक्त गाठ पडायची बाकी असेल, तर घर्षणजन्य. कामं रिकामी आहेत, पण ती वेगळ्या हातांसाठी किंवा दुसऱ्या गावात आहेत, तर संरचनात्मक. आणि कुठल्याच हातांसाठी कुठेच पुरेशी कामं नाहीत, कारण मालच खपत नाहीये, तर चक्रीय. म्हणजे बेरोजगार माणसाइतकंच लक्ष रिकाम्या जागांकडे द्यायला हवं.

तिसरी_पाळी

मी सुट्या भागांच्या कारखान्यात मनुष्यबळाचं काम पाहतो, म्हणून गेटवर काय दिसतं ते सांगतो.

घर्षण बघायचं असेल तर दिवाळीनंतरचे दोन महिने बघा. बोनस हातात पडेपर्यंत कोणी हलत नाही, मग बदलाबदली सुरू होते. समजा व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशिन, चालवणाऱ्या एखाद्या ऑपरेटरने काम सोडलं. त्याच्या कामाच्या जागा आहेत, पण कुठे आहेत हे त्याला कळायला हवं. ते कळतं गेटवरच्या पाटीवरून, कंत्राटदाराच्या माणसाकडून, नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. मग ट्रायल. ड्रॉइंग वाचता येतं का, जॉब क्लॅम्प करून ऑफसेट बरोबर घेता येतो का, मायक्रोमीटर धरता येतो का, हे अर्ध्या दिवसात समजतं. पास झाला तरी लगेच हजर होता येत नाही. मेडिकल असतं, आधीच्या कंपनीने पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते, बँक खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसतं. त्यात नवीन कंपनी म्हणते, एक तारखेपासूनच या. काम आहे, माणूस आहे, दोघं एकमेकांना पसंतही आहेत, तरी चार-सहा आठवडे तो घरी. हेच घर्षण.

ऑगस्ट 2019 मध्ये यातलं काहीच नव्हतं. पाट्याच उतरल्या होत्या.

आकडेमोड

फळा_आणि_खडू, मुलांकडून एक गणित करून घ्या, चित्र स्वच्छ होतं. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत.

एका औद्योगिक वसाहतीच्या आसपास काम करणारे आणि काम शोधणारे मिळून 10,000 जण आहेत. दर महिन्याला कामावर असलेल्यांपैकी 2 टक्के काम सोडतात किंवा त्यांचं काम जातं. शोधणाऱ्यांपैकी निम्म्यांना दर महिन्याला काम मिळतं, म्हणजे सरासरी दोन महिने शोध चालतो. बाहेर पडणारे आणि आत येणारे सारखे झाले की बेरोजगारांचा आकडा एका जागी थांबतो. इथे तो साधारण 385 वर थांबतो. कामावरच्या 9,615 जणांचे 2 टक्के म्हणजे 192, आणि 385 चे निम्मेही तेवढेच. सगळं सुरळीत असताना जवळपास 3.8 टक्के बेरोजगारी, आणि ती सगळी घर्षणाची. माणसं मात्र दर महिन्याला वेगळी.

आता फक्त एक आकडा बदला. काढून टाकण्याचं प्रमाण 2 टक्केच ठेवा, पण विक्री पडल्यामुळे नवी भरती थंडावली आणि शोधणाऱ्यांपैकी दर महिन्याला निम्म्यांऐवजी पाचव्या हिश्शालाच काम मिळतं असं धरा. आकडा हळूहळू 909 वर जातो, म्हणजे 9 टक्क्यांच्या वर. एकही जादा माणूस काढलेला नाही, तरी बेरोजगारी दुपटीहून जास्त झाली. मुलांना वाटतं मंदी म्हणजे कपात. प्रत्यक्षात भरती थांबणं हाही तेवढाच मोठा भाग असतो, आणि त्याची बातमी होत नाही.

भातखाचर

आमच्याकडे कोकणात भात कापून झालं की जूनपर्यंत घरातल्या चार माणसांना काम नसतं. आंब्याचे दोन महिने सोडले तर सगळे बसून. त्यालाही चक्रीय म्हणायचं ना? दरवर्षी चक्रासारखंच फिरून येतं.

मागणीपुरवठा

नाही, ती हंगामी बेरोजगारी. तिची तारीख आधीच माहीत असते. चक्रीय बेरोजगारी व्यापारचक्राच्या उतारावर येते. ती कधी येईल आणि किती टिकेल, हे पंचांगात सापडत नाही. आणि चार माणसं शेतात दिसतात पण दोघांनीही तेवढंच पीक निघालं असतं, असं असेल तर ती छुपी बेरोजगारी. दोन्ही विषय मोठे आहेत, त्यावर वेगळा धागा काढलात तर नक्की लिहीन.

तिसरी_पाळी

2019 चा क्रम नीट लिहून ठेवतो, कारण चक्रीय बेरोजगारी एकदम येत नाही, पायरीपायरीने येते.

सगळ्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो. पगारपत्रकात तो आकडा शून्यावर येतो, माणसं मात्र तेवढीच दिसतात. मग तिसरी पाळी बंद. तिथले लोक पहिल्या-दुसऱ्या पाळीत घेतात, म्हणजे मशिनवर गर्दी होते आणि काम कमी. नंतर कंत्राटी कामगारांची मुदत संपली की ती वाढवत नाहीत. कागदावर कोणाला काढलेलं नसतं, मुदत फक्त संपलेली असते. त्यानंतर वाहन कंपन्या महिन्यातले काही दिवस उत्पादन बंद ठेवतात, आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांनाही ते दिवस बंद ठेवावे लागतात. कायम कामगारांना ले-ऑफ देणं ही शेवटची पायरी. तेव्हाच्या कायद्याने ले-ऑफमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा निम्मा भाग द्यावा लागायचा, तोही ठरावीक कामगारसंख्येच्या वरच्या कारखान्यांत. कंत्राटी माणूस तिथवर टिकलेलाच नसतो.

परतीचा प्रवास याच पायऱ्यांनी उलटा होतो. ऑर्डर वाढली की मालक आधी आहेत त्याच लोकांना ओव्हरटाइम देतो. ही वाढ टिकेल अशी खात्री पटली, मगच नवीन माणूस. म्हणून बाजार सुधारल्याच्या बातम्या येऊ लागल्या तरी गेटवर पाटी लागायला काही महिने जातात.

आणि एक खूण. चक्रीयमध्ये सगळे एकदम पडतात. टर्नर, फिटर, पॅकिंगवाल्या बायका, कॅन्टीनवाला, माल नेणारा टेम्पोवाला, कोणाचं कौशल्य काय याला किंमत राहत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये प्रवासी गाड्यांची घाऊक विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त पडली होती. एवढ्या घसरणीत चांगला कारागीर आणि नवखा एकाच रांगेत उभे राहतात.

गिरणगाव_परळ

तुम्ही सगळे चाकणवर बोलताय, पण संरचनात्मक बेरोजगारीचं उदाहरण हवं तर मुंबईच्या गिरण्या घ्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि फार थोडे परत आत गेले. साचेवाला म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाताला मुंबईत दुसरं काम उरलं नव्हतं.

साधासोपा

पण ते संपामुळे झालं ना? संप झाला नसता तर गिरण्या चालल्याच असत्या.

मागणीपुरवठा

यावर अभ्यासकांतही एकमत नाही. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघू लागलं होतं आणि सूतकताई आणि विणकाम दोन्ही करणाऱ्या एकत्रित गिरण्यांचा विणकाम विभाग संपाच्या आधीपासूनच मागे पडत होता. मुंबईच्या जमिनीचे भाव हे आणखी एक कारण. संपाने हे सगळं घडवलं की फक्त घाईने घडवून आणलं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मी दुसऱ्या बाजूचा. एक नक्की: देशात कापड विणलं जात होतंच, कापडाचा खपही थांबला नव्हता. म्हणजे कामगारांची ती अवस्था चक्रीय नव्हती. काम दुसऱ्या गावी, दुसऱ्या यंत्रावर आणि खूप कमी मजुरीवर गेलं होतं.

तिसरी_पाळी

तेच आत्ता आमच्याकडे हळूहळू होतंय, म्हणून बारकाईने सांगतो.

पेट्रोलच्या स्कूटरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट असतं, बाहेर सायलेन्सर असतो. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये यातलं काहीच नाही. पण म्हणून या कामातले सगळे सारखे अडचणीत येत नाहीत. व्हीएमसी ऑपरेटर आज इंजिनाचं कव्हर मशिन करतो, उद्या मोटरचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग करेल. प्रोग्रॅम बदलेल, फिक्स्चर बदलेल, हात तेच राहतील. गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबिंग मशिनवर वीस वर्षं काढलेल्याचं तसं नाही. त्याचं मशिन दुसरं काही करत नाही, आणि त्याला जे येतं ते त्या मशिनपुरतंच. इलेक्ट्रिक गाडीतही गिअर असतात, पण कमी, आणि आवाज होऊ नये म्हणून जास्त बारकाईने ग्राइंड केलेले. म्हणजे मागणी शून्य होत नाही, पण दहा जणांच्या जागी दोघंतिघं पुरतात, आणि त्यांना ग्राइंडिंग यावं लागतं.

याच वेळी वायर हार्नेस, मोटर वाइंडिंग, बॅटरी पॅक तपासणी यांना माणसं मिळत नसतात. एकाच गेटवर एका बाजूला "पाहिजेत" आणि दुसऱ्या बाजूला कपातीची यादी. हे दिसलं की ते चक्रीय नाही, संरचनात्मक आहे.

आकडेमोड

गावाचाही प्रश्न यातच येतो. इलेक्ट्रिक दुचाकींचे मोठे कारखाने तमिळनाडूत होसूर-कृष्णगिरी पट्ट्यात उभे राहिले. भोसरीत घराचा हप्ता भरणाऱ्या, बायको इथेच कामाला असलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला तिकडची रिकामी जागा असून नसल्यासारखी. माझ्या वरच्या गणितात अशा माणसांसाठी महिन्याला काम मिळण्याचं प्रमाण निम्म्याऐवजी 5 टक्के धरा. त्यांच्या गटातली बेरोजगारी 28 टक्क्यांच्या पुढे जाते, आणि सरासरी शोध वीस महिन्यांचा होतो. बाकीची वसाहत जोरात चालू असतानाही.

वाट_पाहणारी

माझा भाऊ चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. पदवीधर आहे, खासगी नोकरीला जायला तयार नाही. त्याला कुठल्या खान्यात टाकणार? घरी रोज यावरून वाद होतो.

मागणीपुरवठा

ताई, आधी तो बेरोजगार मोजला जातो का, ते पाहावं लागेल. सरकारच्या श्रमबल पाहणीत काम शोधणारा किंवा मिळालं तर करायला तयार असणारा, पण काम नसलेला, तो बेरोजगार. नुसता अभ्यास करत असेल आणि सध्या कामाला तयार नसेल, तर तो श्रमबलाच्या बाहेर गणला जातो. म्हणजे त्याच्या उत्तरावर तो आकड्यात आहे की नाही हे ठरतं. शोधतोय असं धरलं, तर पहिल्या वर्षी मी त्याला घर्षणात धरेन, कारण चांगल्या जागेसाठी थांबणं हाही शोधाचाच भाग. चौथ्या वर्षी तसं म्हणता येत नाही. जागा काही शेकडा आणि उमेदवार लाखांत असतील, तर ही गाठ पडायला उशीर होण्याची गोष्ट राहत नाही. सरकारी नोकरीची सुरक्षितता आणि बाहेरचा पगार यांत एवढं अंतर आहे की थांबणंच लोकांना शहाणपणाचं वाटतं, आणि ते अंतर रचनेतलं आहे. पण हे माझं मत, यावर दुसरं उत्तर असू शकतं.

फळा_आणि_खडू

खूप उपयोगी चर्चा. म्हणजे माझ्या ऑपरेटरचं उत्तर चक्रीय, बरोबर? आणि उपाय पण वेगळे होतील ना? रोजगार मेळावा कशाला लागू पडतो?

तिसरी_पाळी

रोजगार मेळावा, महास्वयमसारखं पोर्टल, गेटवरची पाटी, ही सगळी गाठ घालून देण्याची साधनं. घर्षणाचा शोध दोन महिन्यांवरून एका महिन्यावर आणतील. 2019 मध्ये अशा मेळाव्यात कितीही गर्दी झाली असती तरी टेबलापलीकडे देण्यासारख्या जागाच नव्हत्या. आणि हॉबिंगवाल्याला तिथे जागा दिसतील, पण त्याच्यासाठी नसतील. त्याला प्रशिक्षण हवं, तेही पगार चालू असताना. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स कर असं घर चालवणाऱ्या माणसाला सांगून भागत नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, त्याच्या मासिक भरण्यात एखाद्या कामगाराचे दिवस शून्य असतील तर मालकाला कारणाचा क्रमांक भरावा लागतो. 2 म्हणजे `Left Service`, 10 म्हणजे `Retrenchment`, 11 म्हणजे `No Work`. कंत्राटदाराचा लिपिक सरसकट 2 टाकतो, कारण त्यात कोणी प्रश्न विचारत नाही. वर कामगाराकडून कोऱ्या कागदावर राजीनामा घेतलेला असतो. मंदीने घरी बसलेला माणूस नोंदीत आपण होऊन सोडून गेलेला दिसतो. चक्रीय बेरोजगारी कागदावर घर्षण होऊन जाते.

याचा फटका त्यालाच बसतो. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्याला काही काळ सरासरी रोजच्या कमाईचा ठरावीक हिस्सा देते. जुलै 2018 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तो 25 टक्के होता, कोविडच्या काळात 50 टक्के केला, आणि जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत मिळतो. पण शिस्तभंगामुळे काढलेल्याला, निवृत्ताला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती नाही. शिवाय ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणून कोणी राजीनामा मागितला तर आधी विचारा की कारण काय लिहिताय. "काम नाही म्हणून कमी केले" असं पत्र मागा, आणि ईएसआयमध्ये कुठला क्रमांक टाकला ते बघून घ्या.

साधासोपा

हे माहीत नव्हतं. मग "स्वतः सोडली" हा माझा नियम नोंदींवरून लावला तर आणखीच उलटा पडेल.

आकडेमोड

फळा_आणि_खडू, "बरोबर, चक्रीय" म्हणून पुढे जाऊ नका, थोडं थांबा. 2019 ची कारणं बघा. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडू लागली आणि वाहनांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचा हात आखडला. हे चक्रीय. त्याच महिन्यापासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरावा लागू लागला, म्हणजे रस्त्यावर येतानाची किंमत वाढली. जुलै 2018 मध्ये मालट्रकना जास्त वजन वाहायची परवानगी मिळाली, तेवढाच माल कमी ट्रकमध्ये मावू लागला. ही दोन कारणं धोरणाची आहेत, चक्राची नाहीत. त्यातच एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे बीएस-6 निकष लागू होणार म्हणून लोक थांबले.

पुढचं बघा. प्रवासी गाड्यांनी 2022-23 मध्ये 38 लाखांच्या पुढे जाऊन तोवरचा उच्चांक केला. तिथे खड्डा भरला, म्हणजे तो चक्रीय होता. दुचाकी 2018-19 मध्ये देशात 2 कोटी 11 लाखांवर विकल्या गेल्या होत्या. 2024-25 मध्येही त्या 1 कोटी 96 लाखांवरच होत्या. सहा वर्षं न भरलेल्या खड्ड्याला चक्रीय म्हणायचं?

मागणीपुरवठा

कोविड मध्ये आला, त्याची दोन वर्षं वेगळी काढायला हवीत. तरीही तुमचा मुद्दा राहतोच. माझं वाचन असं की ऑगस्ट 2019 च्या दिवशी त्या ऑपरेटरची बेरोजगारी चक्रीयच होती, कारण त्याच्यासारख्या कोणालाच कुठे काम नव्हतं. पण तीच बेरोजगारी लांबली की प्रकार बदलतो. तो गावी गेला, दीड-दोन वर्षं मशिनला हात लागला नाही, इकडे कंपनीने नवा कंट्रोलर बसवला, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न आला की मधली दोन वर्षं काय करत होता. आता जागा आहे, पण ती त्याची नाही. चक्रीय म्हणून सुरू झालेली बेरोजगारी संरचनात्मक होऊन बसली.

आकडेमोड

त्याच्याबाबत मान्य. दुचाकीच्या खड्ड्याबाबत नाही. त्यात ग्रामीण उत्पन्न किती आणि किमती कायमच्या वाढल्याचा भाग किती, हे वेगळं केल्याशिवाय मी त्याला कुठल्याच खान्यात टाकणार नाही.

फळा_आणि_खडू

मग प्रश्नच बदलतो. तोच ऑपरेटर ऑगस्ट 2019, नोव्हेंबर 2021 आणि आज, अशा तीन तारखांना मुलांसमोर ठेवतो, आणि प्रत्येक तारखेला गेटवर कुठल्या पाट्या होत्या ते आधी शोधून आणायला सांगतो. तिसरी_पाळी, 2021 च्या पाट्यांबद्दल लिहाल का?

तिसरी_पाळी

लिहितो. 2021 मध्ये चिपच्या तुटवड्याने ऑर्डर असूनही गाड्या बनत नव्हत्या, त्यामुळे ते उत्तर या तिन्ही खान्यांत सरळ बसणार नाही. हजेरीपटाचा क्रम बघून उद्या सविस्तर टाकतो.